फवारणी पंपाचा लिथियम पॅक: चार्जर हिरवा, तरी सेल मेले कसे?

निफाड तालुक्यातल्या एका टोमॅटो-कांदा उत्पादकाचा पाठीवरचा बॅटरी पंप दुरुस्तीला आला. टाकी सोळा लिटरची, मोटर बारा व्होल्टची. पंपात मुळात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी होती. ती दोन-अडीच किलोची, आणि दिवसभर पाठीवर औषधाच्या पाण्यासकट हे वजन वागवायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून बॅटरी बसल्यावर गावच्या बाजारात तिच्या जागी लिथियम पॅक टाकून घेतला होता. पॅक अर्ध्या किलोच्या आतबाहेर, किंमतही परवडली, आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे चार्जिंगची पिन तीच राहिली. जुना चार्जर तसाच चालला.

पहिला हंगाम छान गेला. उन्हाळ्यात पंप पत्र्याच्या खोलीत पडून राहिला. पावसाळ्यात पुन्हा काढला, तेव्हापासून तक्रार सुरू झाली. पूर्वी एका चार्जिंगवर सकाळ निघायची, आता तासा-सव्वातासात नोझलची धार मरू लागली. चार्जिंगला लावला की दोन तासांत दिवा हिरवा. शेतकऱ्याचं म्हणणं सरळ होतं: "भाऊ, चार्जर तर हिरवा होतोय. म्हणजे बॅटरी भरतीय. मग मोटरच जास्त ओढत असणार ना?"

मोटर मोजली. भाराखाली अडीच अँपिअरच्या आसपास घेत होती, म्हणजे ठीक. मग पॅकवर मीटर लावला. नुकताच हिरवा झालेला पॅक १२.२८ व्होल्ट दाखवत होता. बारा व्होल्टच्या वस्तूत सव्वाबारा दिसले की बहुतेक ठिकाणी तपासणी इथेच थांबते आणि नवी मोटर विकली जाते. लिथियम पॅकचा एकूण व्होल्टेज मात्र फार थोडं सांगतो. आत काय आहे ते बघायला वरचं निळं प्लास्टिक फाडावंच लागतं.

आत १८६५० मापाचे नऊ सेल होते. तीन-तीन सेल समांतर जोडून तीन गट, आणि ते तीन गट एकामागे एक. वेष्टनांचे रंग वेगवेगळे, टोकांवर आधीच्या वेल्डिंगच्या खुणा. म्हणजे हे जुन्या लॅपटॉप बॅटऱ्यांमधून काढलेले सेल होते. गटागटाचा व्होल्टेज असा निघाला: पहिला ४.२४, दुसरा ४.२३, तिसरा ३.८१. बेरीज १२.२८ बरोबर येते, पण या बेरजेत दोन गट मर्यादेच्या वर भरलेले आहेत आणि तिसरा जेमतेम निम्म्याच्या पुढे आहे.

मग पंपात साधं पाणी भरून धार मरेपर्यंत चालवला आणि लगेच पुन्हा मोजलं. पहिले दोन गट ३.७० च्या जवळपास, तिसरा १.७. एकूण नऊ व्होल्टच्या थोडं वर. मोटर एवढ्यावरही कण्हत का होईना फिरते. लिथियम-आयन सेल अडीच-तीन व्होल्टच्या खाली न्यायचा नसतो, आणि इथे एक गट १.७ वर असताना पंप चालूच होता. पॅकमध्ये बीएमएस, म्हणजे संरक्षणाची पाटी, बसवलेली होती. तिने मोटर बंद का केली नाही, हा पहिला प्रश्न. पहिले दोन गट ४.२ च्या वर कसे गेले, हा दुसरा.

दुसरा आधी घेऊ, कारण तो चार्जरचा आहे.

चार्जरवर "१२ व्होल्ट, १.७ अँपिअर" छापलेलं होतं. मोकळ्या पिनवर मोजलं तर १४.५ व्होल्ट. लेड-अ‍ॅसिडसाठी हे अगदी योग्य आहे. ती बॅटरी साडेचौदापर्यंत चढवतात, थोडं जास्त झालं तर आतल्या पाण्याचं विघटन होऊन जादा ऊर्जा खर्च होते, आणि नंतर पावणेचौदाच्या आसपास ती दिवसेंदिवस लावून ठेवता येते. जास्तीचं चार्जिंग जिरवायची ही सोय लिथियम-आयन सेलमध्ये नाही. त्यात जेवढा विद्युतप्रवाह ढकलाल तेवढं लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतं. जागा संपली तरी ढकलत राहिलात तर सेलची रचनाच बिघडायला लागते. साध्या लिथियम-आयन सेलची ही हद्द ४.२० व्होल्ट, आणि तीसुद्धा साधारण एका टक्क्याच्या आत पाळायची. तीन गटांचा पॅक असेल तर १२.६०. साडेचौदाला तीनने भागा: दर गटाला ४.८३.

एवढ्या फरकाने पॅक पहिल्याच आठवड्यात का पेटला नाही? कारण बीएमएस मध्ये पडत होती. ती तिन्ही गटांवर वेगवेगळी नजर ठेवते आणि कुठलाही एक गट ४.२५ ते ४.३० च्या दरम्यान पोचला की चार्जिंगच्या वाटेतला मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बंद करते. या पाटीवर तो आकडा ४.२८ च्या आसपास निघाला. प्रवाह थांबला की चार्जरला वाटतं बॅटरी भरली, आणि दिवा हिरवा होतो. शेतकऱ्याला रोज दिसणारा हिरवा दिवा हा असा होता: बॅटरी भरल्याचा नव्हे, संरक्षणाने वाट तोडल्याचा. घरातला एमसीबी रोज रात्री पडू देऊन त्यालाच दिव्याचं बटण समजावं, तसला हा कारभार.

योग्य चार्जर काय वेगळं करतो ते नव्या पॅकवर नोंदून ठेवलं. पॅकची रचना तीच, नवे सेल, क्षमता ७.८ अँपिअर-अवर. चार्जर १२.६ व्होल्ट, २ अँपिअरचा.

सुरुवातीला चार्जर २ अँपिअर धरून ठेवतो आणि व्होल्टेज सेलच्या मर्जीने वर जाऊ देतो. हा स्थिर प्रवाहाचा टप्पा. पॅक रिकामा होता तिथपासून १२.६ गाठेपर्यंत साधारण तीन तास पंचवीस मिनिटं लागली, म्हणजे ६.८ अँपिअर-अवर आत गेले. मीटर १२.६० दाखवतोय, पण पॅक भरलेला नाही. एक अँपिअर-अवरच्या आसपास अजून बाकी आहे.

हे असं का, ते एका सेलपुरतं बघू. २ अँपिअर तीन समांतर सेलमध्ये वाटले जातात, म्हणजे दर सेलला ०.६७ अँपिअर. सेलचा आतला अडथळा, त्यात लिथियमच्या सरकण्यातला सुस्तपणाही धरून, ०.१ ओहम मानला तर ०.०७ व्होल्ट या अडथळ्यावरच पडतात. बाहेर ४.२० दिसतं तेव्हा आतली खरी पातळी ४.१३ च्या जवळ असते. प्रवाह जितका मोठा आणि सेल जितका जुना, तितकी ही तफावत वाढते.

आता चार्जर पवित्रा बदलतो. व्होल्टेज १२.६० वर खिळवतो आणि प्रवाह सेलवर सोडतो. आतली पातळी ४.२० कडे सरकत जाते तसा ढकलायला उरलेला फरक कमी होतो आणि प्रवाह आपोआप उतरतो. आमच्या नोंदीत वीस मिनिटांनी १.१ अँपिअर, चाळीस मिनिटांनी ०.६, तासाभराने ०.४ च्या खाली. प्रवाह ठरलेल्या किमान पातळीला आला की चार्जर पूर्ण तोडतो. सेलच्या माहितीपत्रकात ही पातळी बहुधा क्षमतेच्या विसाव्या भागाची असते, बाजारातले चार्जर दहाव्या भागाच्या आसपासही थांबतात. फोन ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर चढतो आणि पुढे रेंगाळतो, त्यामागेही मुख्यतः हीच उतरण आहे.

शेवटच्या तासात प्रवाह कमी होणं ही निव्वळ काटकसर नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थर जवळजवळ भरले की शिरायला वेळ लागतो. तेव्हाही प्रवाह मोठाच ठेवला तर आयन आत न जाता पृष्ठभागावर धातू म्हणून साचतात. हे साचलेलं लिथियम बरंचसं परत कामाला येत नाही, क्षमता कायमची घटते. आणि त्याचे काटे वाढून मधला पातळ पडदा भेदला तर सेलच्या आतच शॉर्ट होतो. गारठ्यात हे साचणं आणखी सोपं होतं, म्हणून शून्य अंशाखाली हे सेल चार्ज करत नाहीत. आपल्याकडे उलट बाजूची मर्यादा जास्त लागू पडते. चार्जिंगसाठी साधारणपणे ४५ अंश ही वरची हद्द दिलेली असते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली ती चार्जर न लावताच गाठली जाते.

जुन्या चार्जरखाली हा दुसरा टप्पा कधी आलाच नाही. १.७ अँपिअर चालू, चालू, चालू, आणि ४.२८ ला एकदम बंद. फरक फक्त ०.०८ व्होल्टचा दिसतो आणि पहिल्या दिवशी त्याने काही बिघडतही नाही. पण ४.२० च्या वर गेलेल्या सेलमध्ये धन बाजूवर विद्रावाचं ऑक्सिडीकरण वाढतं, थोडा थोडा वायू होतो, आतला अडथळा वाढतो. हंगामभर रोज हेच झालं, त्यात चार्ज झालेला पॅक रात्रभर तसाच बसलेला. पहिल्या दोन गटांची क्षमता नंतर मोजली तेव्हा ती चांगलीच घटलेली निघाली. सेल मुळातच वापरलेले असल्यामुळे यातला किती दोष चार्जरचा आणि किती त्यांच्या पूर्वायुष्याचा, ही वाटणी करत बसलो नाही.

आता पहिला प्रश्न, आणि या प्रकरणातली खरी गोम. बीएमएसच्या पाटीवर ऋण बाजूची दोन टोकं असतात. बी-मायनस हे सेलच्या बाजूचं, पी-मायनस हे बाहेरच्या जगाचं. मॉस्फेट या दोघांच्या मध्ये बसलेले असतात. चार्जर असो की मोटर, दोघांची काळी वायर पी-मायनसला हवी, तरच पाटीला वाट तोडता येते. या पॅकमध्ये चार्जिंगची काळी वायर पी-मायनसला होती, पण मोटरची काळी वायर थेट बी-मायनसवर सोल्डर केलेली होती.

ही चूक नव्हती, मुद्दाम केलेला जुगाड होता. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट खेचते. स्वस्त, कमी अँपिअरची पाटी त्याला शॉर्ट समजून पॅक बंद करते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी "चालूच होत नाही" म्हणून परत येतं. मग पाटीला वळसा घालून वायर ओढली की तक्रार मिटते. पंप, सायकली, गल्लीतले स्पीकर, सगळीकडे हा वळसा सापडतो. त्याने मोटर चालते, पण त्यासोबत कमी व्होल्टेजचं संरक्षण, जास्त प्रवाहाचं संरक्षण आणि शॉर्टचं संरक्षण, तिन्ही जातात.

यापुढची साखळी जुळवणं कठीण नाही. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र आले, त्यात तिसरा गट थोडा दुबळा. पंप धार मरेपर्यंत चालवला की हाच गट सगळ्यात आधी तळाला जायचा. बाकी दोन गटांत जोर शिल्लक असल्यामुळे मोटर फिरत राहायची आणि रिकाम्या गटातूनही प्रवाह ओढत राहायची. हंगामाच्या शेवटी पंप असाच रिकामा ठेवला गेला आणि उन्हाळाभर पडून राहिला. सेल दोन व्होल्टच्या खूप खाली गेला की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विद्रावात विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केलं की ते तांबं भलत्याच जागी जमतं आणि सेलच्या आत बारीक गळती तयार होते. तिसऱ्या गटाचे तीन सेल सुटे करून सारखे भरले आणि आठवडाभर बाजूला ठेवले. दोघांचा व्होल्टेज जवळजवळ हलला नाही, तिसरा ४.० वरून ३.६ वर आला. गळती कुठे आहे ते कळलं. समांतर जोडणीत असा एक सेल शेजारच्या दोघांनाही रिकामं करतो.

पावसाळ्यात पंप परत चार्जिंगला लावला तेव्हा हा गट तळाशी होता. एकेका सेलचे चांगले चार्जर इतक्या खालच्या सेलला आधी क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा हलका प्रवाह देतात आणि तीनच्या जवळ आला की मगच पूर्ण प्रवाह सोडतात. ठराविक वेळात तो तिथपर्यंत आला नाही तर चार्ज करायचंच नाकारतात. इथे मात्र १.७ अँपिअर सरळ आत गेले. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: १२.६ चा योग्य चार्जर असता तरी तिसऱ्या गटाची अवस्था त्याला दिसली नसती. चार्जरच्या दोन वायरींना फक्त बेरीज कळते. ३.७, ३.७ आणि १.७ ही बेरीज नऊच्या पुढे जाते, आणि तीन-तीन-तीन झाले तरी नऊच होतात. गट वेगवेगळे दिसतात ते फक्त बीएमएसला, कारण तिच्या बारीक वायरी प्रत्येक सांध्यावर जोडलेल्या असतात. चार्जर व्होल्टेज आणि प्रवाह शिस्तीत देतो, पाटी गटागटाची राखण करते. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

हीच उणीव वरच्या टोकालाही दिसते. तिसरा गट ३.८१ वर असताना पहिला गट ४.२८ ला पोचतो आणि पाटी चार्जिंग तोडते. तिसरा गट पूर्ण भरायची संधीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आधी रिकामा होतो, आणखी खोल जातो. रोज थोडा कमी भरला, रोज थोडा जास्त उपसला.

या सगळ्यात पाटीचे मॉस्फेट शाबूत होते, हे नशीब. मॉस्फेट खराब होतो तेव्हा बऱ्याचदा तो शॉर्ट होतो, म्हणजे वाट कायमची उघडी राहते. तसं झालं असतं तर जुन्या चार्जरसमोर काहीच उरलं नसतं. त्याने पॅक साडेचौदाकडे ओढत नेला असता आणि भरलेल्या गटांना पाचाकडे ढकललं असतं. त्या पातळीला धन बाजूचं संयुग ढासळून प्राणवायू सोडतं, उष्णता वाढते, आणि वाढलेली उष्णता हीच प्रक्रिया आणखी वेगाने चालवते. चांगल्या १८६५० सेलच्या टोपणाखाली दाब वाढला की जोड तोडणारी एक चकती असते. ती वेळेत तुटली तर सेल नुसता मरतो. पण समांतर गटात एक सेल असा बाजूला झाला की त्याच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्या दोघांवर येतो. जुन्या, अनोळखी सेलमध्ये ही चकती शाबूत आहे यावर मी पैज लावणार नाही.

मॉस्फेट तोडतोय की नाही हे बाहेरून तपासता येतं. चार्जर जोडलेला ठेवून दिवा हिरवा झाल्यावर बी-मायनस आणि पी-मायनस यांच्यामध्ये मीटर लावायचा. इथे २.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे चार्जरच्या १४.५ मधून पॅकचे १२.४ वजा. वाट तुटलेली आहे याचा हा पुरावा. जुळत्या, १२.६ च्या चार्जरवर मात्र इथे शून्याच्या जवळ दिसणंच बरोबर, कारण तिथे चार्जर स्वतः थांबतो आणि पाटीवर वेळ येत नाही. रोजच्या वापरात बीएमएस कधीच तुटू नये, अशीच जुळणी हवी.

पॅक नव्याने बांधला. नऊही सेल एका बॅचचे, जोडण्याआधी व्होल्टेज सारखे करून घेतले. पाटी २० अँपिअरची, म्हणजे मोटरच्या सुरुवातीच्या धक्क्याने पडणार नाही, आणि गट समान करणारी. मोटरची काळी वायर पी-मायनसला. समान करणाऱ्या पाटीबद्दल गैरसमज फार आहेत. ती ४.२० च्या जवळ पोचलेल्या गटातून काही दहा मिलिअँपिअर बारीक रोधातून जाळते, बाकी गट मागून येईपर्यंत. ५० मिलिअँपिअर धरले तर शंभर मिलिअँपिअर-अवरची तफावत मिटवायला दोन तास लागतात. तिला हा वेळ मिळतो तो मुख्यतः स्थिर व्होल्टेजच्या टप्प्यात. जुन्या चार्जरखाली हीच पाटी असती तरी तिच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं आली असती. आणि गळका सेल तिच्याने सुधारत नाही, तो बदलायलाच हवा.

चार्जर १२.६ चा दिला आणि पंपाची पिन मुद्दाम वेगळ्या मापाची बसवली, म्हणजे घरातला दुसरा चार्जर घाईत लागायला नको. शेतकऱ्याने विचारलं, की शेजाऱ्याच्या पंपात लिथियमच आहे आणि तो तर जुन्याच चार्जरवर दोन वर्षं चालतोय, ते कसं? उत्तर बहुधा त्या पॅकच्या रसायनात आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ ला भरतो आणि बारा व्होल्टसाठी ते चार गट लावतात, त्यामुळे पूर्ण पॅक १४.६ ला येतो. साडेचौदाचा चार्जर तिथे बऱ्यापैकी जुळतो. दोन्ही पॅक बाहेरून निळे आणि दोन्हींवर "१२ व्होल्ट लिथियम" लिहिलेलं. गट तीन आहेत की चार, हे विचारल्याशिवाय चार्जर ठरवू नये.

शेवटी नवी पाटी बाकावरच्या पॉवर सप्लायने तपासली. प्रवाह अगदी कमी ठेवून व्होल्टेज हळूहळू चढवला तेव्हा ४.२७ ला तिने चार्जिंग तोडलं, आणि पंप चालवून पॅक उपसला तेव्हा पहिला गट २.८ ला येताच मोटर थांबवली. मोटर अशी एकदम थांबली की आता चार्जिंगला लावायचा, धार मरायची वाट बघायची नाही, एवढं शेतकऱ्याला समजावलं. उन्हाळ्यात पंप ठेवून द्यायचा असेल तर पॅक ११.४ च्या आसपास, म्हणजे दर गट ३.८ वर ठेवायचा, पंपाचं बटण बंद, जागा पत्र्यापासून लांब. आणि दोन महिन्यांनी एकदा मीटर लावून दहाच्या खाली गेलेला नाही ना, ते बघायचं.